सिग्नल बंद असताना चौकात आधी कोणी जायचे? नाशिकमध्ये नव्याने वाहन चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने नव्याने आलेल्या आणि सीबीएस, कॅनडा कॉर्नर, शालिमार, बिटको अशा वर्दळीच्या भागांतून रोज वाहन चालवू लागलेल्या माणसाला लाल, पिवळा आणि हिरवा या तिन्ही दिव्यांचे अर्थ ठाऊक असतात. मात्र मे महिन्यात वळवाचा वारा सुटून फांद्या तारांवर पडल्या, किंवा एखाद्या रोहित्रात बिघाड झाला आणि लाइट गेली, की ते दिवे विझतात किंवा नुसता पिवळा दिवा लुकलुकत राहतो, आणि अशा वेळी चौकात पुढे जाण्याचा हक्क कोणाचा, याचे उत्तर बहुतेकांकडे नसते. काही जण वेग वाढवून निघून जातात, काही जण चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन थबकतात आणि दोन-तीन मिनिटांत सगळा चौक अडकून पडतो. या परिस्थितीसाठी वेगळा, नवा कायदा नाही. सिग्नल नसलेल्या चौकाचे जे नियम आहेत तेच लागू होतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. तो क्रम चौकात उभे राहून आठवण्याइतका छोटा आहे, म्हणून तो एकदा नीट समजून घ्यावा.

पहिली पायरी: सिग्नलला नेमके काय झाले आहे ते ओळखा

सिग्नल बंद आहे असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यामागे निदान चार वेगळ्या स्थिती असू शकतात आणि चारही ठिकाणी वागणे सारखे नसते.

पहिली स्थिती म्हणजे चौकातील सर्व बाजूंचे सर्व दिवे विझलेले असणे. सिग्नलच्या खांबाजवळ पदपथावर जी लोखंडी पेटी दिसते तिच्यात सिग्नलचा कंट्रोलर असतो. त्याला बॅटरीचा आधार नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल, तर वीज जाताक्षणी सगळे दिवे एकदम जातात. अशा वेळी तो चौक सिग्नल नसलेला चौक ठरतो. आदल्या क्षणी तुमच्या बाजूला हिरवा होता, याला त्यानंतर काहीही अर्थ उरत नाही.

दुसरी स्थिती लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्याची, ज्याला बोलण्यात ब्लिंकर म्हणतात. हा दिवा लुकलुकतो याचाच अर्थ खांबापर्यंत वीज पोहोचते आहे, मग ती बॅटरीची असो वा सौर पॅनेलची. कंट्रोलरला स्वतःच्या यंत्रणेत दोष आढळला, उदाहरणार्थ एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाजूंना एकाच वेळी हिरवा लागण्याची शक्यता दिसली, तर तो मुद्दाम सर्व फेरे थांबवून लुकलुकत्या पिवळ्यावर जातो. रात्री उशिरा वाहतूक कमी झाल्यावर काही सिग्नल ठरवूनही याच स्थितीत ठेवले जातात. कारण काहीही असले तरी चालकासाठी अर्थ एकच आहे: वेग कमी करा, चौक मोकळा असल्याची खात्री करा आणि सावधपणे पुढे जा. स्थिर पिवळा हा थांबण्याचा इशारा असतो आणि लुकलुकता पिवळा हा सावधगिरीने जाण्याचा. मात्र या दुसऱ्या परवानगीत प्राधान्याचा हक्क समाविष्ट नाही. लुकलुकता लाल दिसला, तर थांबरेषेपाशी वाहन पूर्णपणे थांबवणे बंधनकारक आहे आणि रस्ता मोकळा असल्याचे पाहिल्यानंतरच पुढे निघता येते. मुख्य रस्त्याला लुकलुकता पिवळा आणि त्याला मिळणाऱ्या लहान रस्त्याला लुकलुकता लाल, अशी मांडणी केली जाऊ शकते. पण चारही बाजूंना पिवळाच लुकलुकत असण्याचीही शक्यता तितकीच असते आणि आडव्या रस्त्यावरच्या चालकाला काय दिसते आहे, हे तुमच्या जागेवरून कळत नाही. म्हणून त्याच्याकडे लाल असेल आणि तो थांबेलच, असे गृहीत धरू नये.

तिसरी स्थिती सर्वांत फसवी आहे आणि माझ्या मते नवख्या माणसाने सर्वाधिक लक्ष तिच्याकडेच द्यावे. वीज गेलेलीच नसते. फक्त तुमच्या समोरचा एखादा दिवा किंवा त्याची तार खराब झालेली असते. तुम्हाला काळा, विझलेला सिग्नल दिसतो, पण आडव्या रस्त्याला व्यवस्थित हिरवा लागलेला असतो आणि तिकडची वाहने पूर्ण विश्वासाने, पूर्ण वेगाने येत असतात. ही स्थिती ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. चौकाच्या पलीकडच्या खांबावर तुमच्याच दिशेसाठी दुसरा दिवा असतो, तो चालू आहे का? बाजूच्या रस्त्यासाठी लावलेल्या दिव्याचा प्रकाश तिरका का होईना, पण दिसतो आहे का, किंवा त्याखालचा सेकंद मोजणारा आकडा चालू आहे का? आणि तिसरी, सर्वांत भरवशाची खूण म्हणजे आडवी वाहतूक कशी वाहते आहे. सिग्नल खरोखर सगळीकडे बंद असेल, तर वाहने एकेक, थबकत, अंदाज घेत येतात; सिग्नल चालू असेल, तर ती घोळक्याने येतात, मग एकदम थांबतात आणि दुसऱ्या बाजूचा घोळका सुटतो. आडवी वाहने घोळक्याने येताना दिसली, तर तुमच्याकडे लाल आहे असे समजून थांबावे आणि तुमच्या बाजूची वाहने सुटतील तेव्हाच, तरीही दोन्हीकडे पाहत, पुढे जावे.

चौथी गोष्ट सिग्नलची नाहीच. दुभाजकाच्या टोकाला, वळणावर किंवा शाळेजवळ छोट्या सौर पॅनेलसह जे पिवळे दिवे कायम लुकलुकत असतात, ते केवळ धोक्याची सूचना देण्यासाठी असतात. वीज गेल्यावर आजूबाजूला अंधार झाला तरी ते चालू राहतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सिग्नल ब्लिंकरवर आहे असे वाटू शकते. सिग्नलचे तीन दिवे एकाखाली एक असतात. तो आकार डोळ्यांनी शोधावा.

दुसरी पायरी: चौकाजवळ येताना

दिवे विझलेले दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, पण ब्रेक एकदम दाबू नये. तुमच्या मागच्या चालकाने सिग्नल बंद असल्याचे पाहिले असेलच असे नाही, आणि पाहिले असले तरी तुम्ही निघून जाल असे धरून तो जवळून येत असण्याची शक्यता मोठी असते. आधी आरशात पाहावे, मग हलका ब्रेक लावून मागचा लाल दिवा त्याला दिसू द्यावा आणि त्यानंतर वेग उतरवावा.

किती उतरवावा, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ते ११ मीटर आणि कोरड्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबण्यासाठी आणखी १२ मीटर, मिळून जवळजवळ २३ मीटर लागतात. ताशी २० किलोमीटर वेगाला हेच अंतर ९ मीटरच्या आसपास येते. थांबरेषेपाशी पोहोचेपर्यंत वेग २० किंवा त्याहून खाली आलेला असला, तर कोणी अचानक आडवे आले तरी झेब्रा पट्ट्यांपाशीच थांबता येते. पावसात आणि पहिल्या सरीनंतरच्या निसरड्या रस्त्यावर याहून कमी वेग हवा.

लाइट गेल्यामुळे सिग्नल बंद झाला असेल, तर बहुधा पथदिवेही गेलेले असतात. अशा वेळी हेडलाइट लो बीमवर लावावेत. हाय बीम लावला की समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि त्याला तुम्हा दोघांमधून रस्ता ओलांडणारा पादचारी दिसत नाही.

तिसरी पायरी: पुढे जाण्याचा हक्क कोणाचा

वाहन चालवण्याचे नियम केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांत दिलेले आहेत. त्याआधी १९८९ चे विनियम लागू होते. सिग्नल बंद असलेल्या चौकात त्यांतून मिळणारा क्रम असा समजावा.

सर्वांत आधी पोलीस. वाहतूक पोलीस चौकात उभा असेल, तर त्याचा हात हाच सिग्नल. दिवे चालू असतानाही त्याचा इशारा दिव्यांच्या वरचढ असतो, मग बंद असताना प्रश्नच नाही. पिवळा लुकलुकतो आहे आणि पोलिसाने हात उंचावून पंजा तुमच्याकडे केला आहे, तर थांबायचे. अनेकदा पोलीस येईपर्यंत एखादा रिक्षाचालक, दुकानदार किंवा तरुण स्वतःहून चौकात उभा राहून वाहतूक मोकळी करतो. त्याचे काम मोलाचे असते आणि त्याला सहकार्य करावे. पण त्याने हात केला म्हणून न पाहता निघू नये, कारण दुसऱ्या बाजूच्या चालकावर त्याचा इशारा पाळण्याचे बंधन नसते आणि त्याला तो इशारा दिसलाही नसेल.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी सायरन वाजवत येत असेल, तर तिला वाट देणे पोलीस नसतानाही सर्वांना बंधनकारक आहे. वाट अडवून धरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई प्रमाणे १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. बंद सिग्नलच्या चौकात वाट देणे म्हणजे चौकात न शिरणे. घाबरून मध्यभागी घुसलेले वाहनच बहुतेक वेळा तिचा रस्ता अडवते.

त्यानंतर फलक आणि रस्त्यावरच्या खुणा. लाल अष्टकोनी फलकावर ‘थांबा’ असेल तर थांबायचे; टोक खाली असलेला लाल कडेचा त्रिकोण असेल तर दुसऱ्या रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यायचे. झेब्रा पट्ट्यांवर पादचारी असेल, तर तो तुमच्या आधी.

त्यानंतर मुख्य रस्ता. मुख्य म्हणून निश्चित केलेल्या रस्त्यावरील वाहनांना, त्याला येऊन मिळणाऱ्या रस्त्यावरील चालकाने वाट द्यायची असते. गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रोडला एखाद्या वसाहतीतून येऊन मिळणारी गल्ली असेल, तर कोणी कोणासाठी थांबायचे याविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो दोन सारख्या रुंदीचे, सारख्या वर्दळीचे रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा, कारण दोन्हीकडच्या चालकांना आपलाच रस्ता मुख्य वाटतो. रस्ता मुख्य आहे हे फलकावरून स्पष्ट होत नसेल, तर तो मुख्य आहे असे स्वतःच ठरवून पुढे घुसू नये. अशा चौकाला पुढचा नियम लावावा.

तो नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे. पोलीस नाही, फलक नाही, मुख्य रस्ता निश्चित नाही, अशा चौकात शिरताना तुमच्या उजव्या हाताच्या रस्त्याने येणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते आणि तुमच्या डावीकडून येणाऱ्याने तुम्हाला वाट द्यायची असते. चौकात मोठे वाहन कोणाचे, हॉर्न कोणाचा आणि आधी पुढचे चाक कोणी घातले, यांना नियमात स्थान नाही.

उजवीकडचाच का, हे समजले की नियम विसरत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतो. त्यामुळे तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेला चौक ओलांडत असाल, तर उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून येणारे वाहन त्याच्या डाव्या बाजूने, म्हणजे आडव्या रस्त्याच्या तुमच्याकडच्या अर्ध्या भागातून येते. चौकात शिरताक्षणी पहिली गाठ त्याच्याशी पडते. डावीकडून येणारे वाहन पलीकडच्या अर्ध्यातून येते; त्याच्याशी गाठ पडेपर्यंत दोघांनाही थोडा अधिक वेळ असतो. जो आधी आणि जवळून भेटणार त्याच्यासाठी थांबावे, इतकेच त्यामागचे तत्त्व आहे.

या नियमाची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. चारही बाजूंनी चार वाहने एकाच क्षणी आली, तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतेच आणि नियम कोणालाच पुढे पाठवत नाही. अशा वेळी एकाने स्पष्टपणे थांबून हाताने दुसऱ्याला जाण्याची खूण करावी. एक वाहन निघून गेले की त्याच्या डावीकडच्या चालकाची उजवी बाजू मोकळी होते आणि पुढचा क्रम आपोआप लागतो. दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे: हा नियम अनेक चालकांना ठाऊक नसतो. म्हणून तो स्वतः थांबण्यासाठी वापरावा, दुसरा थांबेल या भरवशावर घुसण्यासाठी वापरू नये. डावीकडचा चालक वेग कमी करतो आहे, त्याच्या वाहनाचे नाक ब्रेकमुळे खाली झुकले आहे किंवा तो तुमच्याकडे पाहतो आहे, असे दिसल्यावरच तुमचा हक्क वापरावा.

एक उदाहरण, सेकंदांच्या हिशेबाने

समजा, संध्याकाळी साडेसात वाजता वाऱ्यापावसाने कॉलेज रोड परिसरातील लाइट गेली आहे आणि तुम्ही स्कूटरवरून एका चौरस्त्यावर आला आहात. दोन्ही रस्ते दुभाजक असलेले आणि सारख्याच रुंदीचे आहेत, सिग्नल चारही बाजूंनी विझलेला आहे, पोलीस नाही आणि तुम्हाला सरळ जायचे आहे. तुमच्या थांबरेषेपासून चौकाच्या पलीकडे पूर्ण बाहेर पडेपर्यंतचे अंतर २६ मीटर आहे असे धरू.

उभ्या स्थितीतून सावकाश वेग घेणाऱ्या स्कूटरला हे अंतर ओलांडायला साधारण ६ सेकंद लागतात. त्यांपैकी पहिले ४ सेकंद जवळच्या अर्ध्या भागात जातात आणि तिथे धोका उजवीकडून असतो. उरलेले २ सेकंद पलीकडच्या अर्ध्यात जातात आणि तिथे धोका डावीकडून असतो. आडव्या रस्त्यावरचे वाहन वेग कमी न करता ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर ४ सेकंदांत ते ४४ मीटर आणि ६ सेकंदांत ६६ मीटर येते. म्हणजे उजवीकडे किमान ५० मीटरपर्यंत आणि डावीकडे ७० मीटरपर्यंत रस्ता रिकामा असेल तरच निघणे सुरक्षित आहे. प्राधान्य उजवीकडच्याला असले, तरी लांबवर पाहायचे आहे ते डावीकडे, कारण तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत डावीकडच्या वाहनाला जवळ यायला अधिक वेळ मिळालेला असतो. बहुतेक जण नेमके उलटे करतात: उजवीकडे पाहून निघतात आणि डावीकडे नजर टाकतात तेव्हा चौकाच्या मध्यावर असतात.

हे अंतर अंधारात मोजायचे कसे? शहरातील पथदिव्यांच्या खांबांमध्ये साधारण ३० मीटर अंतर असते. चौकाच्या कोपऱ्यावरचा खांब सोडून मोजावे; उजवीकडचा हेडलाइट दुसऱ्या खांबाच्या अलीकडे असेल किंवा डावीकडचा तिसऱ्या खांबाच्या अलीकडे असेल, तर थांबावे. आधी उजवीकडे, मग डावीकडे लांबवर, मग निघण्याच्या क्षणी पुन्हा उजवीकडे, असा नजरेचा क्रम ठेवावा. शेवटची नजर उजवीकडे, कारण पहिली गाठ तिथेच आहे.

आता समजा, उजवीकडून सिटीलिंकची बस हळू येऊन थांबरेषेपाशी थबकली आणि डावीकडून एक रिक्षा येते आहे. हक्क बसचा आहे. तिला जाऊ द्यावे. बस लांब असते आणि ती चौकातून पूर्ण बाहेर पडायला तुमच्या स्कूटरपेक्षा बराच अधिक वेळ घेते. तिचा पुढचा भाग गेला म्हणून लगेच मागून निघालात, तर तिच्या आडोशाला असलेले, तिच्यामागून येणारे वाहन तुम्हाला दिसत नाही. बसची मागची बाजू गेल्यानंतर उजवा रस्ता पुन्हा दिसू द्यावा. मग रिक्षा उरते. ती तुमच्या डावीकडे आहे, म्हणून तिने थांबायला हवे. पण तिचा वेग उतरलेला दिसत नसेल, तर तिलाही जाऊ द्यावे. तुमचे जास्तीत जास्त १० सेकंद जातात.

समोरून येणारा मोटारचालक उजवीकडे वळण्याचा इंडिकेटर देत असेल, तर त्याने सरळ जाणाऱ्या तुम्हाला आधी जाऊ द्यायचे असते. उजवे वळण घेणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्यांना वाट द्यावी, हा नियम दोघांनाही लागू आहे, म्हणून तुम्हालाच उजवीकडे वळायचे असेल तर थांबणे तुमचे काम आहे. खरे सांगायचे, तर बंद सिग्नलच्या गर्दीच्या चौकात उजवे वळण टाळावे. सरळ किंवा डावीकडे जाऊन पुढून वळून येणे नवख्या माणसासाठी बहुधा लवकरचे आणि निश्चितपणे कमी धोक्याचे ठरते.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पलीकडे तुमच्या वाहनाला उभे राहण्याइतकी जागा आहे का? पुढची रांग चौकाच्या तोंडापर्यंत आलेली असेल, तर तुमचा हक्क असला तरी चौकात शिरायचे नसते. सगळा चौक अडकतो तो मुख्यतः याच एका कारणाने. एक मोटार मध्ये अडकते, तिच्यामुळे आडवी रांग अडकते, त्या रांगेमुळे समोरची अडकते आणि मग पोलीस येऊन एकेक वाहन मागे घेईपर्यंत कोणाचाही हक्क उपयोगी पडत नाही.

सर्कल असेल तर

नाशिकमध्ये पत्ता सांगताना मायको सर्कल, एबीबी सर्कल, जेहान सर्कल अशी नावे सतत ऐकू येतात. नावात सर्कल आहे म्हणून मध्ये वर्तुळाकार बेट असेलच असे नाही, त्यामुळे प्रत्यक्ष रस्ता पाहावा. बेट असेल आणि तिथला सिग्नल बंद असेल, तर बेटाभोवती आधीपासून फिरत असलेल्या वाहनांना प्राधान्य असते. आत शिरणाऱ्याने थांबायचे. आतली वाहने तुमच्या उजवीकडूनच येत असल्यामुळे नजर उजवीकडे ठेवून फट मिळण्याची वाट पाहावी आणि बेटाला उजव्या हाताला ठेवून फिरावे. अंतर वाचवण्यासाठी उलट बाजूने वळणारे चालक सिग्नल बंद असताना वाढतात, म्हणून डावीकडेही एकदा पाहून घ्यावे.

पायी चालणाऱ्यांसाठी

सिग्नल बंद असताना पादचाऱ्यासाठी वाहने थांबवणारा लाल दिवा उरत नाही, पण झेब्रा पट्ट्यांवरचा त्याचा हक्क कायम राहतो. हक्क आहे म्हणून न पाहता उतरू नये. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावा: आधी उजवीकडे पाहत दुभाजकापर्यंत, तिथे थांबून मग डावीकडे पाहत पलीकडे. अंधारात मोबाइलचा टॉर्च जमिनीकडे धरून चालल्यास चालकाला पाय हलताना दिसतात. थांबलेल्या बसच्या पुढून ओलांडू नये, कारण बसच्या पलीकडून येणाऱ्या दुचाकीला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हालाही ती दिसत नाही.

वीज परत येते तेव्हा

या क्षणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पुरवठा परत आल्यावर अनेक कंट्रोलर लगेच कोणालाही हिरवा देत नाहीत. आधी काही वेळ पिवळा लुकलुकतो, मग काही सेकंद सर्व बाजूंना लाल लागतो आणि त्यानंतर नेहमीचा फेरा सुरू होतो. सर्वांना लाल देण्यामागचा हेतू चौकात असलेली वाहने बाहेर पडावीत हा असतो. तुम्ही चौकाच्या आत असताना दिवे लागले आणि लाल दिसला, तर मध्येच थांबू नये. सावकाश बाहेर पडावे. थांबरेषेच्या अलीकडे असाल, तर थांबावे. आणि तुमच्याकडे पहिला हिरवा लागला, तरी दोन-तीन सेकंद दोन्हीकडे पाहूनच निघावे, कारण इतका वेळ सिग्नलशिवाय चाललेला आडव्या रस्त्यावरचा चालक दिव्यांकडे पाहत असेलच असे नाही.

कोणाला कळवावे

कळवण्यापूर्वी आजूबाजूच्या दुकानांकडे आणि पथदिव्यांकडे पाहावे. सगळीकडेच अंधार असेल, तर वीजपुरवठा खंडित झालेला आहे आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दुकानांत दिवे आहेत आणि फक्त सिग्नल विझलेला किंवा लुकलुकत आहे, तर दोष सिग्नलच्या जोडणीत, दिव्यांत किंवा कंट्रोलरमध्ये आहे; त्याची माहिती महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना द्यावी. चौक अडकून पडला असेल किंवा अपघात झाला असेल, तर ११२ वर फोन करावा. फोन वाहन बाजूला उभे करूनच करावा आणि सांगताना चौकाचे नाव, कोणत्या रस्त्याकडे तोंड असलेला दिवा बंद आहे आणि तो एकाच बाजूचा बंद आहे की चारही बाजूंचे, हे स्पष्ट सांगावे. एकाच बाजूचा दिवा बंद असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण इतर तीन बाजूंच्या चालकांना तो दोष दिसत नाही आणि त्यांच्याकडून तक्रार जाण्याची शक्यता कमी असते.